आजोबांची कन्नड डायरी आणि ऐंशीचे ‘दोन शब्द’: सात महिने वापरलेली पद्धत

वही 1973 ची, जत तालुक्यातली. शाळा कन्नड माध्यमाची झाल्यामुळे डायरीही कन्नडमध्ये, निळ्या शाईत, आणि नातवंडांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. जतच्या पूर्वेकडच्या घरांतून ही परिस्थिती नेहमीची. ऐंशीव्या वाढदिवसाला ताटं वाढण्याआधी जे दोन शब्द बोलतात (हल्ली त्याला टोस्ट म्हणतात, खारीबरोबरचा नव्हे), ते या डायरीतल्या ओळींवर उभे करायचे होते. त्यासाठी मोबाईलवर पानांचे फोटो, कन्नड वाचणारा एक माणूस आणि चार रकान्यांची वही एवढंच वापरलं. एकूण 212 पानं. काय जमलं आणि कुठे फसलं, ते असं.

आधी फोटो, कारण पुढच्या निम्म्या चुका इथेच जन्माला येतात. फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड एका बाजूने, उन्हाची तिरीप पानावर नको. पन्नास वर्षांची शिवण सपाट दाबली तर पानं सुटतात, म्हणून वही अर्धवटच उघडायची आणि उघडलेल्या बाजूखाली घडी केलेला टॉवेल द्यायचा. मोबाईल पानाला समांतर हवा. दोन उंच डबे आणि त्यांवर आडवी पट्टी एवढ्यात काम भागतं. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत कडेच्या ओळी वाकतात, त्यापेक्षा हातभर अंतरावरून दुप्पट झूम करून घेतलेला बरा. कागद पातळ असेल तर पानामागे काळा कागद सरकवायचा, म्हणजे मागची अक्षरं पुढे उमटत नाहीत.

स्कॅनिंग ॲपचं ‘डॉक्युमेंट’ फिल्टर मात्र या कामाला पूर्ण नापास. छापील बिलाला ते उत्तम आहे, पण कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग मुख्य अक्षराच्या पायाशी लहान आकारात लिहितात, आणि प आणि फ, ब आणि भ यांच्यातला फरकही खालच्या एवढ्याशा रेघेचा असतो. फिल्टर फिकट रेघेला डाग समजून पुसून टाकतं. पान छान स्वच्छ दिसतं आणि अर्थ गेलेला असतो. त्यामुळे मूळ रंगीत फोटो जपून ठेवायचा. शाई फारच उडालेली असेल तर त्याची प्रत काळीपांढरी करताना लाल फिल्टर लावायचा. निळी शाई गडद होते, पिवळा पडलेला कागद उजळतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, नाहीतर फाईल आक्रसते आणि वाचणाऱ्या मावशी म्हणतात, ‘बाळा, हे काय मुंग्या पाठवल्यास?’

फाईलला `1973-06_087.jpg` असं नाव द्यावं, म्हणजे महिना आणि पान क्रमांक. हे पहिल्या दिवशी केलं नाही तर दोन महिन्यांनी ‘ती पावसाची ओळ’ शोधायला अख्खी संध्याकाळ जाते.

आता भाषांतर. खरी मजा आणि खरा धोका इथेच आहे. वाचणाऱ्याने आधी मूळ ओळ देवनागरीत जशीच्या तशी उतरवायची, दुसऱ्या रकान्यात शब्दाला शब्द, तिसऱ्यात नीट मराठी, चौथ्यात शंका. पहिला रकाना वगळून थेट मराठी सांगून घेतलं तर चूक कुठे झाली हे नंतर सापडत नाही. जूनमधल्या पान 87 वरची ओळ बघा:

मळे बंतु. अवसर इल्ल.

मराठी कानाला हे जवळजवळ कळतं, आणि तोच घात. पहिल्या दिवशी ‘मळे आले. अवसर नाही.’ असं लिहिलं गेलं. कुणाचे मळे, कसला अवसर? कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस आणि ‘अवसर’ म्हणजे घाई. ‘पाऊस आला. घाई नाही.’ बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो जून, हे डोक्यात ठेवून या चार शब्दांकडे पुन्हा बघा. भाषणातली सगळ्यात जड ओळ हीच ठरली आणि तिला एकही विशेषण लावावं लागलं नाही.

याच ओळीत आणखी एक फट होती. शाई फिसकटलेल्या जागी ‘ळे’ आहे की ‘ने’, हे नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. ‘मने’ म्हणजे घर, आणि ‘मने बंतु’ म्हणजे घर आलं, हेही कन्नडमध्ये सहज बोललं जातं. अशा वेळी अर्थावरून अंदाज बांधायचा नाही. त्याच हाताने खात्रीचा ‘ळ’ लिहिलेला दुसरा शब्द शोधायचा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून वळण ताडून बघायचं. इथे ‘नाळे’, म्हणजे उद्या, हा शब्द मदतीला आला, कारण तो दर चार पानांनी येतो. का येतो, ते पुढच्या ओळीत:

नाळेयिंद बीडी अभ्यास बिडुत्तेने.

‘उद्यापासून विडीची सवय सोडतो.’ कन्नडमधला अभ्यास म्हणजे सवय. शब्दशः ‘विडीचा अभ्यास सोडतो’ असं होतं, आणि खरं सांगायचं तर भाषणात ही चूक मुद्दाम ठेवून मग दुरुस्त केली की सभागृह हसतं. हीच प्रतिज्ञा वर्षभरात तीन वेगवेगळ्या तारखांना आहे. तिन्ही तारखा नुसत्या वाचायच्या, वर टिप्पणी करायची नाही. ‘अनुमान’ या शब्दावरही खूण करून ठेवा: कन्नडमध्ये त्याचा अर्थ शंका, संशय.

तारखेच्या आकड्यांची शंका वारावरून फिटते. पानावर वार लिहिलेला असेल तर त्या वर्षाच्या कॅलेंडरशी जुळतो का पाहायचं. 11 जून 1973 ला सोमवार होता. पानावर गुरुवार दिसत असेल तर आकडा किंवा वर्ष चुकीचं वाचलंय.

भाषण तीन मिनिटांचं, म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द. त्यात डायरीच्या चारच ओळी मावतात. आधी आठ ओळी घेतल्या होत्या, तालमीतच कळलं की पाचवीपासून लोक जिलेबीकडे बघायला लागतात. प्रत्येक ओळ आधी कन्नडमध्ये म्हणायची, क्षणभर थांबायचं, मग मराठी. त्या थांबण्यात म्हाताऱ्या मंडळींच्या रांगेतून हुंकार येतो, तो मराठीने झाकू नये.

एक हिशेब मात्र तपासून घ्या. सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ ऐंशीच्या वाढदिवसालाच उरकतात आणि वक्ता ‘आज हजार पौर्णिमा पूर्ण झाल्या’ असं ठोकून देतो. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी 29.53 दिवस. ऐंशी वर्षांत 989 च्या आसपास होतात, हजार भरायला आणखी दहा महिने लागतात. ‘अजून दहा-अकरा पौर्णिमा बाकी आहेत’ हे वाक्य उलट जास्त चांगलं बसतं.

डायरीचा मालक समोर बसलेला असतो, हे विसरून चालत नाही. निवडलेल्या ओळी दहा दिवस आधी त्यांना वाचून दाखवायच्या. उसनवारी, बांधाचे वाद, कुणाच्या सोयरिकीवरचा शेरा असली पानं त्यांनी होकार दिला तरी बाहेर ठेवलेली बरी, कारण ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचा मुलगा तिसऱ्या रांगेत जेवायला आलेला असतो. या वाचनात दुरुस्त्याही मिळतात. एका ओळीत ‘बंदनु’ म्हणजे ‘तो आला’ असं वाचलं होतं. आजोबांनी भिंग घेऊन पाहिलं आणि म्हणाले, ‘बंदळु आहे ते. ती आली.’ शेवटचं एक अक्षर, आणि पाहुणा होता तो आजी निघाली.

नऊ पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली आहेत. ती उलगडायचा प्रयत्न केलेला नाही, वाफ देऊन तर नाहीच: शाई पाण्यात विरघळणारी आहे आणि कडेला ती आधीच पसरलीय. पेन्सिलीतल्या सहा पानांना लाल फिल्टरचा काही उपयोग झाला नाही, त्यांना संध्याकाळचा तिरपा उजेड लागतो, आणि तरीही निम्म्याच ओळी लागल्या.