खानदेशचा लोकसंख्या नकाशा: वर्तुळ वाढवायचे कोणत्या हिशेबाने?

2011 च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार, नंदुरबारची 1 लाख 11 हजार आणि फैजपूरची साधारण 26 हजार 600 आहे. म्हणजे जळगाव फैजपूरच्या सतरा पटींहून थोडे मोठे. नकाशावर प्रत्येक गाव वर्तुळाने दाखवायचे, तर तिथेही डोळ्याला तेवढेच वाटले पाहिजे.

नकाशे बनवण्याच्या QGIS या सॉफ्टवेअरमध्ये चिन्हाचा आकार ठरवणारा साइझ असिस्टंट आहे. त्यात यासाठी `Radius`, `Surface` आणि `Flannery` असे पर्याय दिसतात. `Radius` घेतला तर त्रिज्या लोकसंख्येच्या पटीत वाढते. जळगावचा व्यास 20 मिमी ठेवला, तर फैजपूर जेमतेम 1.2 मिमी उरते. डोळा मात्र रंगवलेली जागा पाहतो, आणि ती जागा जवळजवळ 300 पट होते. लोकसंख्येसाठी हा पर्याय सोडूनच द्या.

`Surface` मध्ये क्षेत्रफळ लोकसंख्येच्या पटीत राहते, म्हणजे व्यास वर्गमुळाने वाढतो. नंदुरबार 9.8 मिमी, फैजपूर 4.8 मिमी. दोन्ही गावे दिसतात आणि पटही खरी राहते.

`Flannery` मागचे निरीक्षण असे की माणसे मोठ्या वर्तुळाचा आकार कमी धरतात. म्हणून जेम्स फ्लॅनरी यांनी वर्गमुळाच्या 0.5 ऐवजी सुमारे 0.57 घातांक घेतला. त्याने फैजपूर 3.9 मिमी होते. भिंतीवरच्या, लांबून पाहायच्या नकाशाला तो चालेल. पण पट्टी लावून मोजणाऱ्याला आकडा जुळणार नाही. मी `Surface` घेतो आणि सूचीत 25 हजार, 1 लाख, 4 लाख अशी तीन वर्तुळे एकात एक काढतो. वाचकाला अंदाज दुरुस्त करायला तेवढे पुरते.

खरा घोळ याच्या पुढे होतो, आणि तो सहज लक्षात येत नाही. `Values from` मध्ये सर्वांत लहान गावाचा आकडा आणि `Size from` मध्ये 1 ते 10 असेल, तर `Surface` निवडूनही फैजपूर 1 मिमी आणि जळगाव 10 मिमी निघते. क्षेत्रफळ 100 पट! दोन्हीकडची सुरुवात 0 केली की पट सरळ होते. खात्रीसाठी छापलेल्या नकाशावर दोन व्यास मोजा, मोठ्याला लहानाने भागा, उत्तराचा वर्ग करा. जळगाव-नंदुरबारसाठी तो 4.1 च्या आसपास यायला हवा.

जळगाव ते भुसावळ अंतर सुमारे 25 किमी आहे. 1:20,00,000 च्या नकाशावर ते 12.5 मिमीच भरते, त्यामुळे जळगावचे 20 आणि भुसावळचे 12.8 मिमीचे वर्तुळ एकमेकांवर चढतात. अशा वेळी एकटे भुसावळ बारीक करू नका. जळगावचा व्यास 14 मिमी धरून सगळीच वर्तुळे त्याच प्रमाणात कमी करा. मग दोघांमध्ये थोडी फट राहते, आणि फैजपूर 3.4 मिमीचे होऊनही स्पष्ट दिसते.