खो-खोच्या प्रॅक्टिसचा निरोप पालकांपर्यंत पोचवणं : आठ महिने वापरून आलेला अनुभव

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर आहे, सातवीचा वर्ग माझ्याकडे आणि चौदा वर्षांखालच्या मुलींची खो-खोची टीमही माझ्याकडेच, म्हणजे क्लास टीचर, कोच आणि मैदानावर चुना मारणारा सगळं एकच माणूस. टीममध्ये बावीस मुली. तेरा गावातल्याच, बाकी नऊ अडीच किलोमीटरवरच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून येतात. जून संपता संपता आपल्याकडे शाळा उघडली (उन्हामुळं विदर्भात उशिराच उघडते) आणि जुलैत मी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. टाइम, किट, आणि पोरीले न्यायला कोण येणार, हे तीनच निरोप त्यावर द्यायचे असं ठरवलं. आठ महिने झाले. पाचपैकी साडेतीन देतो, त्यातला अर्धा कागदाच्या चिठ्ठीचा आहे.

सुरुवात चांगली झाली म्हणून लय खुश होतो मी. पण पहिलाच मेसेज चुकला. त्यात लिहिलं होतं "स्पोर्ट्स किट सोबत आणावे". आता किट म्हणजे काय हे मला माहीत, पालकाले काय माहीत? चौघांनी बाजाराच्या दिवशी सहा-सातशेचे बूट घेतले, एकानं तर उसने पैसे काढून. आणि आमचं मैदान मातीचं, पोरी अनवाणीच खेळतात, बुटाची गरजच नाही. त्या बापानं मला काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, "सर, मंग हे बूट कोठी घालाचे?" त्यानंतर "किट" हा शब्दच मी मेसेजमधून काढून टाकला. आता वस्तूचं नाव लिहितो, आणि काय आणायचं नाही तेही लिहितो. एक लिटरची पाण्याची बाटली, टॉवेल किंवा जुना दुपट्टा, फ्रॉकच्या आतून हाफ पँट, केस बांधायला दोन रबर. बूट नको. बांगड्या, पैंजण, कानातले घरी, कारण खो देताना पाठीवर हात पडतो तेव्हा बांगडी फुटून दोघींनाही लागते, आणि पळतीले पकडायला हात टाकला की कानातलं ओढलं जातं. नखं कापलेली. खांबाजवळ पोल डाइव्ह शिकवायला सुरुवात केली तेव्हा गुडघ्याले नी-कॅप लागते असं वाटलं होतं, पण बावीस जोड्या कोण घेणार, शाळेतल्या चार जोड्या आळीपाळीनं वापरतो आणि तेवढ्यात भागतं. म्हणून ती पालकांना कधी सांगितलीच नाही.

पावसाळ्यात ग्रुप सगळ्यात जास्त कामी आला. आमची जमीन काळी, जोराचा पाऊस झाला की दोन दिवस मैदानावर पाय टाकला तर चार किलो माती पायाले येते, आणि तशात सूर मारला की गुडघा गेलाच समजा. त्यामुळं प्रॅक्टिस रद्दचा मेसेज दुपारी तीनच्या आत टाकायचो, कारण त्यानंतर माणसं वावरात आणि तिकडे टॉवरच लागत नाही. दोन-तीनदा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही सांगून झालं. प्रॅक्टिस रद्द झाली की मुली पाचला शाळेबरोबरच घरी जायच्या, त्यामुळं निरोप कुणाला नाही पोचला तरी फार बिघडत नव्हतं, उगाच एक चक्कर पडायची एवढंच. हे मी तेव्हा नीट समजून घेतलं नाही. पुढं महागात पडलं.

आता नोव्हेंबरची गोष्ट. जुलैत इकडे सातपर्यंत उजेड असतो, पाच ते सव्वासहा प्रॅक्टिस आरामात व्हायची. नोव्हेंबरच्या मधात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि सहाला तर चेहरा ओळखू येत नाही. वेळ मी दिवाळीनंतर लगेच बदलायला पाहिजे होती, तालुक्याच्या मॅचेस होऊन गेल्या होत्या म्हणून आळस केला. एका मंगळवारी दुपारी तीन चाळीसला ग्रुपवर टाकलं, "आजपासून प्रॅक्टिस पावणेसहाला संपेल, पालकांनी त्यानुसार यावे". पंधरा-वीस मिनिटांत अंगठे आले आणि टिक निळ्या झाल्या. ग्रुपमध्ये टिक निळी होते ती सगळ्यांनी उघडल्यावरच, म्हणून मी निर्धास्त. पावणेसहाला पोरी सोडल्या. गावातल्यांचे मायबाप आले, पोडावरच्या एकमेकींसोबत निघाल्या असं मला वाटलं, सहाला मी गाडी काढली. मी अपडाऊन करतो, घर तालुक्याले चौदा किलोमीटर.

सहा पंचवीसला फोन. पोडावरच्या एकीचा बाप. तो नेहमीसारखा सव्वासहाला सायकल घेऊन मैदानावर आला तर तिथं कुणीच नाही. "सर, पोरगी कोठी हाये?" आमच्या भागात वाघाची भीती काय आहे ते सांगायला नको, टिपेश्वर अभयारण्य काही लय दूर नाही, आणि पोडाच्या वाटेले दोन्ही बाजूनं कमरेएवढी पऱ्हाटी अन् तुरी. रानडुकरं तर रोजची. मी अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवली. पोरगी सापडली सहा पन्नासले, गावातच, मैत्रिणीच्या घरी चुलीजवळ बसून. बाप येणार सव्वासहाले हे तिला माहीत, अंधारात मैदानावर एकटीनं थांबायची भीती वाटली म्हणून ती मैत्रिणीसोबत गेली. डोकं तिनंच चालवलं, मी नाही.

मग दुसऱ्या दिवशी शोधलं की निरोप गेला कुठं. फोन एकच, तो घरी चार्जिंगले लावलेला, बाप अन् माय दोघंही कापूस वेचायला वावरात. दहावीतल्या भावानं व्हिडिओ पाहता पाहता मेसेज उघडला, अंगठा दाबला, विषय संपला. टिक निळी झाली ती फोनची, माणसाची नाही. मेसेज दाबून धरून इन्फो पाहिलं तर कोणी वाचलं त्याची यादी दिसते, पण तिथं नाव येतं बापाचं, वाचणारा कोण हे नाही दिसत. "मले कोणी सांगतलंच नाही," माय म्हणे, आणि खरंच होतं ते.

त्यानंतर जे बदललं ते असं. वेळ बदलायची असेल तर आदल्या संध्याकाळी सात ते आठमध्ये सांगायचं, तेव्हा माणसं वावरातून घरी असतात, फोन हातात असतो. त्याच दिवशी वेळ बदलायचीच नाही, फार झालं तर प्रॅक्टिस रद्द. अंगठा चालत नाही, न्यायला येणाऱ्याचं नाव लिहायचं किंवा बोलून पाठवायचं. पोल पण करून पाहिला होता, पण एकाहून जास्त उत्तरं निवडायचं बटन चालूच राहिलं आणि निम्म्या लोकांनी "मी येतो" अन् "पोरगी एकटी येईल" दोन्ही दाबलं. तो नाद सोडला.

दुसरं म्हणजे मेसेज लिहून झाला की तोच बोलूनही पाठवतो, तीस-चाळीस सेकंद, आपल्या बोलीत. ज्या मायले वाचता येत नाही ती भाकरी थापता थापता ऐकते. ऑडिओचा एक फायदा असा की इन्फोमध्ये कोणी ऐकला हे वेगळं दिसतं, तेही शंभर टक्के नाही पण निळ्या टिकपेक्षा भरवशाचं. सध्याचा मेसेज साधारण असा असतो:

"उद्या बुधवार. खो-खो सकाळी ८ ते सव्वानऊ, शाळेच्या मैदानावर. पाण्याची बाटली, टॉवेल, आतून हाफ पँट, आणि डबा. बूट नको, बांगड्या-पैंजण नको. प्रॅक्टिस झाल्यावर मुली शाळेतच राहतील, ५ वाजता शाळेबरोबर सुटतील. सकाळी सोडायला कोण येणार त्याचं नाव पाठवा. अंगठा नको."

हो, प्रॅक्टिस शेवटी सकाळी नेली. शाळेच्या आधी घेतली की अंधाराचा प्रश्नच मिटतो, संध्याकाळी सगळ्या पोरी बाकीच्या लेकरांसोबत उजेडात घरी जातात. पण त्यात डबा हा नवा विषय निघाला. कापसाच्या दिवसात माय सकाळी लवकर निघते, पोरगी चहा पिऊन मैदानावर, आणि शाळेतली खिचडी दुपारी. पहिल्याच आठवड्यात एकीले चक्कर आली. तेव्हापासून डबा वस्तूंच्या यादीत. भाकरीच पाहिजे असं नाही, रात्री भिजवलेले मूठभर चणे अन् गूळ आणला तरी चालतं, सव्वानऊले सगळ्या मिळून खातात.

तीन घरी स्मार्टफोन नाहीच. त्यांच्यासाठी वहीत चिठ्ठी, हाच मजकूर, खाली ओळ "नेणार/सोडणार कोण" आणि सही किंवा अंगठा (इथं खरा अंगठा चालतो). सकाळी चिठ्ठी परत आली नाही तर त्या पोरीले मैदानात घेत नाही, आधी घरी विचारून घेतो. पहिले वाटलं हे जुनाट काम, पण या तीन घरी आजपर्यंत एकदाही घोळ झाला नाही, ग्रुपवाल्यांचे चार झाले.

पोडावरच्या नऊ जणींच्या तीन जोड्या केल्या, तीन-तीनच्या, प्रत्येकीत एक सातवी-आठवीतली. शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर होते, तेव्हा त्या जोडीनंच जातात आणि मोठी पोरगी पोचल्यावर मला मिस कॉल देते. यात एक अडचण, रिचार्ज संपलं की आउटगोइंग बंद, मिस कॉलही जात नाही. महिन्यात दोन-तीनदा होतं. मग दहा मिनिटं वाट पाहून मीच लावतो, इनकमिंग काही दिवस तरी चालू असतं. तीनही जोड्यांचा पत्ता लागेपर्यंत मी गाव सोडत नाही. बायको म्हणते दर शनिवारी उशीर, म्हणू दे.

जे अजून जमलं नाही तेही सांगतो. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं आणि कुणाच्या तरी म्हशी विकण्याचे मेसेज यायचे, त्यात माझा निरोप वर निघून जायचा. फक्त ॲडमिननंच लिहायचं असं करून पाहिलं तर न्यायला येणाऱ्याचं नाव पाठवायलाच रस्ता उरला नाही, काहींनी मला वेगळा मेसेज केला, काहींनी केलाच नाही. परत उघडलं. आता चालू वेळेचा मेसेज पिन करून ठेवतो, तीस दिवसांसाठी, पण पिन कुठं पाहायची हे बऱ्याच जणांना अजून समजावूनच राहिलो.

आता मार्चपासून ऊन वाढेल, आठची प्रॅक्टिस साडेसहाला न्यावी लागेल आणि साडेसहाला पोडावरून यायचं म्हणजे सहाच्या आत वाटेवर, परत अर्धा अंधार. त्या नऊ जणींचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. एक ऑटोवाला महिन्याचे पैसे सांगून राहिला, रविवारी पालकांना बोलावलं आहे, वावरातून आल्यावर, संध्याकाळी सातले.