पेटची तयारी: नेट-सेटचे जुने पेपर की संशोधनपद्धतीचं पुस्तक?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत पेटचा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा विषय निघाला की दोन गट पडतात. एक गट नेट-सेटच्या पेपर एकचे जुने प्रश्न सोडवत बसतो, दुसरा संशोधनपद्धतीचं जाडजूड पुस्तक उघडतो. मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी हिशेब. नेटच्या पेपर एकमध्ये ५० प्रश्न आणि १० घटक, म्हणजे संशोधन अभियोग्यतेच्या वाट्याला साधारण ५ प्रश्न. दहा पेपर सोडवले तरी हाती येतात पन्नासच. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेत मात्र निम्मा भाग संशोधनपद्धतीचा असतो. तर्काचं गणित उलटं आहे. तार्किक आणि गणिती असे दोन घटक असल्यामुळे दर पेपरात दहाएक प्रश्न मिळतात, आणि तिथे घड्याळ लावून सोडवण्याला पर्याय नाही. तर्कासाठी पुस्तक वाचत बसू नका.

पद्धतीच्या प्रश्नांत जुने पेपर दगा देतात. स्तरित आणि समूह नमुना निवड घ्या. उत्तरं पाठ करणारा 'गट पाडले की स्तरित' एवढंच लक्षात ठेवतो. आता आपलाच कोल्हापूर जिल्हा बघा. बाराही तालुक्यांतून थोडे थोडे ऊस उत्पादक चिठ्ठ्या टाकून निवडले, तर ती स्तरित निवड. बारांपैकी तीन तालुके चिठ्ठीने काढले आणि तिथल्या सगळ्या उत्पादकांना गाठलं, तर ती समूह निवड. गट दोन्हीकडे तालुकाच. फरक एवढाच, की पहिल्यात प्रत्येक गटातून माणसं येतात आणि दुसऱ्यात काही गट अख्खेच गळतात. म्हणून गगनबावडा आणि शिरोळ यांच्यासारखे तालुके एकमेकांपासून फार वेगळे असतील, तर स्तरित निवड बरी. समूह निवडीत फिरणं वाचतं, पण निवडलेले तीनही तालुके शिरोळसारखे निघाले तर चित्र एकांगी होतं. हे कारण पुस्तकात सापडतं, उत्तरतालिकेत नाही. प्रश्नात तालुक्याऐवजी शाळा आल्या की पाठांतरवाला अडकतो तो इथेच.

संशोधनातल्या नैतिकतेत मात्र जुनं पुस्तक मागे पडतं. वाङ्मयचौर्याचे यूजीसीचे नियम २०१८ चे आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. सेकंड हँड पुस्तक घेतलं असेल तर आधी छपाईचं साल बघा (मी बघितलं नव्हतं). हे टप्पे थेट नियमांतून वाचले तर अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमचा तर्क पक्का असेल तर पुस्तक घ्या, आणि तेही अख्खं नको: नमुना निवड, परिकल्पना चाचणी, संशोधन आराखडा एवढीच प्रकरणं. तर्कात वेळ पुरत नसेल तर आधी पेपर. कुठे आहात हे कळायला दहा जुने प्रश्न घ्या आणि बरोबर उत्तराला खूण करण्याऐवजी उरलेले तीन पर्याय का चुकले ते वहीत लिहा. दहापैकी चार ठिकाणी पेन थांबलं, तर पुस्तकाकडे वळा.