नव्यांसाठी शब्दसूची: डेकच्या शेवटी, जागच्या जागी, की वेगळ्या शीटमध्ये?

वर्धा रोडवरच्या आमच्या गोदामात नवीन माणसं रुजू झाली की पहिल्या दिवशी त्यांना 64 स्लाइडचा डेक दाखवला जातो. गेल्या खेपेला एका मुलाने दुसऱ्याच आठवड्यात ग्राहकाला फोनवर सांगितलं, "तुमचा माल आरटीओत अडकलाय, कागद सुटले की येईल." रिपोर्टमध्ये त्या खोक्यांपुढे 'आरटीओ' लिहिलं होतं, आणि नागपुरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला आरटीओ म्हणजे परिवहन कार्यालयच आठवणार. आमच्या कामात मात्र त्याचा अर्थ 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे घेणाऱ्याने नाकारलेला, परत निघालेला माल. ग्राहक दोन दिवस वाट बघत बसला. चूक मुलाची नव्हती. डेकमध्ये तो शब्द सात ठिकाणी होता आणि अर्थ एकाही ठिकाणी नव्हता.

तेव्हापासून शब्दसूची करण्याच्या तीन पद्धती मी वापरून पाहिल्या. तुमच्याकडेही असा डेक असेल आणि सूची कुठे ठेवायची हे ठरत नसेल, तर त्यांची ही तुलना कामी येईल.

त्याआधी शब्द गोळा कसे करायचे ते सांगतो, कारण इथे चुकलं तर पुढची कुठलीही पद्धत निवडून उपयोग नाही. पॉवरपॉइंटमध्ये `Save As` करताना `Outline/RTF (*.rtf)` निवडलं की डेकमधला मजकूर एका फाइलमध्ये निघतो, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. पण त्यात फक्त शीर्षकाच्या आणि मुख्य मजकुराच्या ठरलेल्या चौकटींतलं येतं. वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये, तक्त्यात, आकृतीत किंवा स्क्रीनशॉटमध्ये लिहिलेलं येत नाही, आणि संक्षेपांची खरी गर्दी तिथेच असते. शेवटी डेक छापला, नुकत्याच आलेल्या दोघांच्या हातात पेन्सिल दिली आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला गोल करायला सांगितलं. जुन्या माणसांकडून हे होत नाही. आलेला माल रॅकवर लावण्याला दहा वर्षं 'पुटअवे' म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द अवघड आहे हे दिसतच नाही. तो संक्षेप नसल्यामुळे मोठ्या अक्षरांचे शब्द शोधतानाही निसटतो.

गोल केलेले सगळेच शब्द सूचीत घ्यायचे नाहीत. डेकमध्ये एकदाच आलेला संक्षेप स्लाइडवरच पूर्ण लिहून टाकावा, म्हणजे तो विषय संपला. दोन किंवा जास्त स्लाइडवर आलेला, किंवा पहिल्या पंधरवड्यात कामावर कानावर पडणारच असा शब्द सूचीत ठेवावा. या चाळणीनंतर आमच्याकडे 41 शब्द उरले.

आता पहिली पद्धत, सूची शेवटच्या स्लाइडवर. हिचा मोठा गुण म्हणजे सूची डेकबरोबरच फिरते. कोणी पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवली तरी ती सोबत जाते. पण खोलीत बसून डेक पाहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. अकराव्या स्लाइडवर अडलेला माणूस समोरच्याला "जरा शेवटी जा" असं पहिल्याच दिवशी म्हणणार नाही. शिवाय 41 शब्द एका स्लाइडवर कोंबले तर मागच्या रांगेतून काही वाचता येत नाही. जास्त स्लाइड केल्या तर त्या दाखवायची वेळ येईपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असते. शब्दाला लिंक देऊन सूचीवर उडी मारायची सोयही करून पाहिली. एकट्याने वाचणाऱ्याला ती बरी पडते, पण ती स्लाइड दुसऱ्या डेकमध्ये नेली की लिंकचा भरवसा राहत नाही.

दुसरी पद्धत, अर्थ जागच्या जागी: शब्द पहिल्यांदा येतो तिथे पूर्ण रूप लिहायचं, नाहीतर स्लाइडच्या तळाशी बारीक पट्टीत दोन-तीन शब्दांचे अर्थ द्यायचे. वाचणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचं काही नाही, त्याला शोधाशोध करावी लागत नाही. एकच माणूस डेक दाखवत असेल आणि शब्द वीसच्या आत असतील, तर मी हीच पद्धत सुचवेन आणि पुढचं वाचायची गरज नाही असंही म्हणेन.

अडचण येते ती डेक अनेक हातांत गेल्यावर. 'पहिल्यांदा येतो तिथे' ही जागा टिकत नाही. डिस्पॅचवाले पहिल्या वीस स्लाइड गाळून आपलं सुरू करतात, आणि अर्थ त्या गाळलेल्या वीसमध्येच असतो. म्हणून पूर्ण रूप डेकमध्ये एकदा नाही, तर प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला लिहावं लागतं. आणि अनेक ठिकाणी लिहिलं की अर्थ एकमेकांपासून दूर सरकू लागतात. आमच्या डेकमध्ये 'टीएटी' दोनदा समजावलेला होता. इनवर्डच्या स्लाइडवर तो गाडी गेटमध्ये आल्यापासून मालाची नोंद होईपर्यंतचा वेळ होता, तर ट्रान्सपोर्टच्या स्लाइडवर गेटमध्ये आल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंतचा. एकाच गाडीचा टीएटी एका हिशेबाने अडीच तास आणि दुसऱ्याने चार तास निघत होता. दोन्ही विभाग बरोबर होते, आणि नव्या मुलीला वाटत होतं की आपलंच गणित चुकतंय. हे असं झालंय का ते ओळखायला एकच रस्ता आहे. डेकमध्ये `Ctrl+F` ने तो शब्द शोधायचा आणि जिथे जिथे अर्थ दिलाय ती सगळी वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचायची.

तिसरी पद्धत म्हणजे वेगळी शेअर केलेली शीट. तिच्यात प्रत्येक अर्थाला एक ओळ आणि एक मालक. डेकमध्ये फक्त तिची लिंक राहते. अर्थ बदलला तर एकाच जागी बदलतो, आणि दोन अर्थांचे शब्द लगेच पकडता येतात. पहिल्या रकान्यात संक्षेप असेल तर शेजारी हे सूत्र टाकून खाली ओढायचं:

```
=COUNTIF(A:A,A2)>1
```

जिथे `TRUE` येतं तो शब्द एकाहून जास्त वेळा नोंदलेला आहे. आमच्याकडे यात 'डीसी' सापडला, डिलिव्हरी चलन आणि डिस्ट्रिब्यूशन सेंटर. 'एमटी' तर तीनदा सापडला: वजनात मेट्रिक टन, विक्रीत मॉडर्न ट्रेड म्हणजे मोठी सुपरमार्केटं, आणि कंटेनरच्या कागदावर रिकामा, कारण तिथे 'एम्प्टी' हा शब्द उच्चाराप्रमाणे दोन अक्षरांत लिहितात. अशा शब्दांचे अर्थ एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन ठेवू नका. वेगळ्या ओळी ठेवा आणि कुठल्या कागदावर कुठला अर्थ लागतो ते लिहा.

शीटचा दोष वापरायला सुरुवात केल्यावरच कळतो. नव्या माणसाला ऑफिसचा ईमेल मिळायला चार-पाच दिवस लागतात आणि शीट त्या ईमेलशिवाय उघडत नाही. म्हणजे सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवसांत ती बंद असते. उघडली तरी पत्र्याच्या शेडमध्ये, रॅकच्या मध्ये उभं राहून फोनवर सहा रकाने वाचता येत नाहीत.

कुठलीही पद्धत घ्या, नोंद लिहिण्याची रीत मात्र एकच ठेवा, कारण बहुतेक सूच्या तिथेच फसतात. पूर्ण रूप म्हणजे अर्थ नव्हे. 'जीआरएन म्हणजे गुड्स रिसीट नोट' हे वाचून नव्याच्या हाती काही लागत नाही. आम्ही असं लिहिलं: "जीआरएन: गाडीतला माल मोजून-तपासून घेतल्यावर इनवर्ड डेस्क सिस्टिममध्ये करतो ती नोंद. ही होईपर्यंत माल शेडमध्ये असला तरी स्टॉकमध्ये दिसत नाही." कोण करतो, कधी करतो आणि ती नसली तर काय अडतं, एवढं आलं की माणूस त्यावरून काम करू शकतो.

आकड्यांच्या शब्दांना उदाहरण लागतंच. 'ओटीआयएफ' म्हणजे वेळेत आणि पूर्ण पोचलेल्या ऑर्डरी. 100 ऑर्डरींपैकी 92 वेळेत पोचल्या, 90 पूर्ण पोचल्या, पण दोन्ही गोष्टी 85 मध्येच जमल्या, तर ओटीआयएफ 85 टक्के. नवी माणसं 92 आणि 90 ची सरासरी काढून 91 सांगतात. हे दोन ओळींचं उदाहरण सूचीत आल्यावर ती चूक थांबली. आणि 'वेळेत' म्हणजे ठरलेल्या तारखेला की ठरलेल्या तासाला, हे प्रत्येक ग्राहकाच्या करारात वेगळं असू शकतं. तेही नोंदीत लिहा.

एक रकाना मी हट्टाने वाढवला, 'लोक काय म्हणतात'. डेकमध्ये मालवाहतुकीच्या पावतीला एलआर म्हटलंय, पण डॉकवर ड्रायव्हर "बिल्टी कुठंय?" असंच विचारणार. डेकमध्ये वेब्रिज स्लिप आहे, तिला बाहेर काटा-पर्ची म्हणतात. नवा मुलगा एलआर पाठ करून खाली उतरतो आणि बिल्टी मागितली की बावरतो. काटोल-उमरेडकडून येणारी मुलं मराठी बोलतात, ड्रायव्हर आणि हमाल बरेचदा हिंदी, आणि सिस्टिम इंग्रजी. सूचीत या तिन्ही नावांची गाठ पडायला हवी. आमच्या इनवर्डच्या ताईंनी हा रकाना एका दुपारी डॉकवर उभं राहून भरून दिला. ऑफिसात बसून तो भरताच आला नसता.

मग निवडायचं काय? डेक एकाच्याच हातात आहे आणि शब्द थोडे आहेत, तर जागच्या जागी. डेकला तीन-चार विभागांचे हात लागतात, तर मूळ सूची शीटमध्येच ठेवा, दुसरा विचार नको. पण नव्या माणसाला शीट देऊ नका. तिच्यातून संक्षेप, अर्थ आणि लोकांचा शब्द हे तीनच रकाने घेऊन एका ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छापा आणि पहिली स्लाइड सुरू होण्याआधी हातात द्या. शेवटच्या स्लाइडचा गुण आणि शीटचा गुण दोन्ही त्या कागदात येतात, आणि तो खिशात घालून डॉकवर नेता येतो. स्लाइडवर तळाची पट्टी फक्त दोन अर्थांच्या शब्दांना द्या. आमच्याकडे असे पाचच शब्द आहेत: आरटीओ, डीसी, एमटी, टीएटी आणि पीओडी. टीएटीचे दोन अर्थ आम्ही मोडून 'गेट टीएटी' आणि 'इनवर्ड टीएटी' अशी नावंच वेगळी केली, पण जुन्या रिपोर्टांत नुसता टीएटी अजून येतो, म्हणून तोही पट्टीत ठेवलाय.

छापलेला कागद जुना होतो, ही या निवडीची उणीव आहे. त्यावर आम्ही एवढंच करतो: कागदाच्या तळाशी छापल्याची तारीख असते, दर बॅचला शीटमधून नवा काढतो, आणि मागच्या बाजूला चार ओळी कोऱ्या सोडतो. नव्या माणसाला जो शब्द कागदावर सापडला नाही तो त्याने तिथे लिहायचा आणि पंधराव्या दिवशी कागद परत आणून दाखवायचा. मागच्या बॅचच्या कागदांवर तिघांनी एकच शब्द लिहून आणला, 'क्रॉसडॉक', म्हणजे आलेला माल साठवून न ठेवता थेट पुढच्या गाडीत भरणं. तो डेकमध्ये एकदाच होता म्हणून मी गाळला होता. शीटमध्ये आता तो बेचाळिसावा आहे.