तिसऱ्या आणि चौथ्या भागातला सांधा: चार माध्यमांवर आठ महिने

घरातल्या जुन्या सामानात जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक निघालं. उघडलं तर पानांच्या जागी पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात एक जड, काळी तबकडी. अशा पुस्तकाला फोटोंच्या अल्बमसारखाच 'अल्बम' म्हणत. पुढे एकाच तबकडीत सगळं मावू लागलं, पुस्तक गेलं, शब्द तेवढा राहिला.

आत बीथोव्हनची पाचवी सिम्फनी होती. चार तबकड्या, आठ बाजू. हीच सिम्फनी माझ्याकडे कॅसेटवर होती, सीडीवर होती आणि अर्थातच फोनमधल्या ॲपवरही. वाद्यवृंद आणि संचालक चारही ठिकाणी वेगळे, त्यामुळे कुणी जास्त चांगलं वाजवलंय या वादात मी पडलो नाही. ऐकताना माझं काय होतं, एवढंच बघायचं ठरवलं. हे लिहितोय ते आठ महिन्यांनंतर.

या सिम्फनीत परीक्षेला उत्तम अशी एक जागा आहे. तिसरा भाग संपतो आणि चौथा सुरू होतो, पण मध्ये थांबा नाही. तंतुवाद्यं खालचा एक सूर धरून ठेवतात, टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखं वाद्य, अगदी हळू आवाजात ठोके देत राहते, वर व्हायोलिन चाचपडत चढतात, आवाज वाढत जातो आणि चौथा भाग सगळ्या ताकदीनिशी फुटतो. पहिले तीन भाग गप्प बसलेले ट्रॉम्बोन इथे पहिल्यांदा वाजतात. हा सांधा तुटला की मजा गेली.

सुरुवात तबकड्यांपासून. पहिला गोंधळ पुस्तकातच झाला. पहिल्या तबकडीची दुसरी बाजू लावली तर एकदम शेवट ऐकू आला. लेबल पाहिलं: एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ८. पुढची २ आणि ७, मग ३ आणि ६, मग ४ आणि ५. छापखान्यात घोळ झाला असणार असं धरून मी दोन दिवस चरफडलो. चूक माझीच होती. हा संच आपोआप तबकड्या बदलणाऱ्या यंत्रासाठी काढलेला होता. अशा यंत्रात चारही तबकड्या एकावर एक रचून ठेवतात. एक वाजून झाली की वरची खाली पडते. चार बाजू झाल्या की अख्खी चवड उलटी करून परत ठेवायची, म्हणजे ५ ते ८ ओळीने वाजतात. माझ्याकडे ते यंत्र नाही, मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग असलेलं साधं टर्नटेबल आहे. त्यामुळे मला दर बाजूला तबकडी बदलावी लागते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. एलपीसाठी, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांसाठी असलेल्या सुईनेच मी पहिली बाजू वाजवली. एलपीची खाच बारीक असते, या तबकड्यांची तिच्या जवळजवळ तिप्पट रुंद. बारीक सुई खाचेच्या भिंतींना नीट न टेकता तळाशी घासत जाते. आवाज दूरवरून आल्यासारखा आणि त्यावर तळणीसारखी चरचर. मला वाटलं, तबकडीच गेली. रुंद टोकाची सुई बसवली आणि व्हायोलिन पुढे आली. कुणी हा उद्योग करणार असेल तर सुई आधी घ्या. आणि स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका. ही तबकडी लाखेची आहे, म्हणजे किड्यापासून मिळणाऱ्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून दाबलेली. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

बारा इंची तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटं चालते. माझ्या संचात सहावी बाजू टिंपनीच्या ठोक्यांवर संपते आणि चौथा भाग सातव्या बाजूवर सुरू होतो. म्हणजे नेमका सांध्यावरच घाव. सहावी बाजू तिसऱ्या तबकडीवर, सातवी दुसऱ्या तबकडीवर. सुई उचलायची, तबकडी पाकिटात घालायची, दुसरी काढायची, ब्रश फिरवायचा, सुई टेकवायची. सराव झाल्यावरही चाळीसेक सेकंद जातात. एवढ्या वेळात खोलीत फक्त टर्नटेबलची घरघर. चिडचिड व्हायला हवी होती, सुरुवातीला झालीही. मग लक्षात आलं की ते ठोके माझ्या डोक्यात चालूच आहेत आणि सातवी बाजू सुरू होते तेव्हा मी आधीच तिच्या दारात उभा आहे. (हे वाचून कुणी तबकड्या विकत घेऊ नका. सांधा तुटतो तो तुटतोच.)

मात्र एक गोष्ट मी वहीत टिपली. आठ महिन्यांत तबकड्यांवर ही सिम्फनी सहा वेळा लावली आणि सहाही वेळा शेवटपर्यंत ऐकली. एवढी उठाठेव केल्यावर मध्येच सोडून जाववत नाही.

कॅसेट. १९६३ साली फिलिप्सने ती आणली तेव्हा संगीतापेक्षा बोलणं ध्वनिमुद्रित करण्याचा विचार जास्त होता, आणि तिचं अंग पाहिलं की ते पटतं. फीत चार मिलीमीटरहूनही अरुंद, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर. माझ्या कॅसेटवर पहिले दोन भाग 'ए' बाजूला आणि पुढचे दोन 'बी' बाजूला आहेत. म्हणजे सांधा शाबूत! पहिल्यांदा तो अखंड ऐकला तेव्हा बरं वाटलं. पण ज्या टिंपनीची वाट पाहायची ती फितीच्या सळसळीत बुडालेली. मंद आवाज आणि फितीचा स्वतःचा आवाज यांच्यात फार अंतरच नाही. डेकवर डॉल्बीचं बटण आहे. ते दाबलं की सळसळ कमी होते, पण फीत वाचणारं हेड जरासं तिरकं असेल तर वरचे सूरही त्याबरोबर दबतात. माझ्या डेकचं हेड तिरकंच होतं. बाजूचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, झांजांचा आवाज कुठे सगळ्यात लख्ख येतो ते कानाने शोधलं. त्याआधी आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. तो खरवडण्यात एक अख्खी दुपार आणि एक शर्ट गेला.

कॅसेटवर आणखी एक भूत असतं. फीत गुंडाळलेली असताना एका वेढ्यावरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटतो. बाजू 'ए' सुरू केली की सिम्फनीचे पहिले चार प्रसिद्ध सूर वाजायच्या दोनेक सेकंद आधी त्यांची सावली ऐकू येते. हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐका, म्हणजे सापडेल.

ऐकण्याच्या दृष्टीने मात्र कॅसेटने मला गप्प बसवलं. हवी ती जागा शोधायला फीत पुढे-मागे पळवत बसायचं, त्यापेक्षा ऐकलेलं बरं. आणि ती खिशात घालून चालता येतं. १९७९ मध्ये वॉकमन आल्यावर गाणं खोलीतून बाहेर पडलं आणि एकट्याचं झालं.

सीडीबद्दल थोडक्यात, कारण तक्रार फारशी नाही. १९८२ साली ती बाजारात आली. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, एका बाजूवर ७४ मिनिटं. पाचवी सिम्फनी निम्म्याहून कमी जागेत बसते. ट्रॅक बदलला तरी आवाजाचा प्रवाह सलग राहतो. ट्रॅकचा आकडा ही नुसती खूण असते. टिंपनी पहिल्यांदा स्पष्ट, मागे काळीभोर शांतता, आणि मग तो स्फोट. चारही माध्यमांत हा सांधा इथे सर्वांत नीट ऐकू आला. एकच सांगतो: सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. ट्रॅकला आडवा जाणारा ओरखडा यंत्र भरून काढतं, सुमारे अडीच मिलीमीटरपर्यंतचा माहितीचा खड्डा त्याला पुरतेपणी बुजवता येतो. ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा लांबच लांब माहिती खातो, मग ते अडखळतं.

पण सीडीसोबत रिमोट आला. चौथा भाग आवडतो? ४ दाबा. मी दाबला. महिनाभर दाबत होतो. तिसऱ्या भागाशिवाय चौथा म्हणजे नुसता मोठा आवाज, हे कळायला तेवढा वेळ लागला.

आता ॲप. इथे सांधा तीन वेगवेगळ्या प्रकारांनी तुटला, आणि तिन्हींचा शोध घेताना मजा आली. पहिला प्रकार सोपा होता. सेटिंगमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक संपायच्या आधीच पुढचा सुरू करण्याचा वेळ, पाच सेकंदांवर होता, कधीतरी मीच लावलेला. त्यामुळे टिंपनी चालू असतानाच चौथा भाग तिच्या अंगावर चढायचा. तो शून्यावर आणला.

दुसरा: फोनवरून ठीक, पण शेजारच्या खोलीतल्या वायफाय स्पीकरवर पाठवलं की मध्ये छोटीशी फट. आवाजाची फाइल लहान करताना तिचे ठरावीक मापाचे तुकडे पाडतात. एमपीथ्रीत एक तुकडा १,१५२ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा. शेवटचा तुकडा भरला नाही तर उरलेल्या जागेत शांतता भरतात, सुरुवातीलाही थोडी जाते. किती कापायचं हे वाजवणाऱ्याला कळलं तर सांधा जुळतो. माझ्या स्पीकरला ते कळत नसावं, शिवाय पुढची फाइल तो आधीची संपल्यावर मागवत असावा. उपाय सापडला नाही. तारेने जोडला.

तिसरा प्रकार बरेच दिवस लक्षातच आला नव्हता. तिसरा आणि चौथा भाग मी स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाकले होते. फट नाही, क्रॉसफेड नाही, तरी चौथा भाग येतो तेव्हा अंगावर काटा नाही. कारण आवाज सारखा करणारी सोय चालू होती. वेगवेगळी गाणी एका पातळीवर यावीत म्हणून ॲप प्रत्येक ट्रॅकची सरासरी पाहून हळू आवाजाचा ट्रॅक वर उचलतं आणि चढा ट्रॅक खाली ओढतं. तिसरा भाग बराचसा हळू, तो वर गेला. चौथा जोरकस, तो खाली आला. दोघांमधली दरी बुजवली गेली, आणि सगळी गंमत त्या दरीतच होती. तोच अल्बम पहिल्यापासून सलग लावला की ॲप पूर्ण अल्बमला एकच माप लावतं आणि सांधा परत जिवंत होतो. शंका असेल तर ही सोय बंद करून दोन्ही भाग एकदा ऐका. फरक कळायला चांगले स्पीकर लागत नाहीत.

ॲपवर ही सिम्फनी आठ महिन्यांत किती वेळा लावली याचा हिशेब नाही. शेवटपर्यंत बहुधा दोनदा. दोष ॲपचा म्हणता येणार नाही. बोटाखाली 'पुढचं' आहे आणि सोडून देण्याची काही किंमत पडत नाही. पण दुसरी बाजूही आहे. एका संध्याकाळी मी याच सांध्याचे अकरा वेगवेगळे वाद्यवृंद लागोपाठ ऐकले. कुणी टिंपनी इतकी हळू ठेवली होती की मी आवाज वाढवला आणि पुढच्या क्षणी दचकलो. तबकड्यांच्या जमान्यात असं ऐकायला एखाद्या संग्रहालयातच जावं लागलं असतं.

सध्या वापर असा: तुलना करायची तर ॲप, पूर्ण ऐकायची तर सीडी, चालताना कॅसेट. तबकड्या महिन्यातून एकदा. सहावी बाजू संपायच्या आधीच दुसरी तबकडी पाकिटातून काढून, पुसून मांडीवर ठेवली की चाळीसचे पंचवीस सेकंद होतात.