नकाशावाचनाची वीस प्रश्नांची वर्कशीट: आठ महिने वर्गात वापरल्यावर

जूनमध्ये ओळखीतल्या एका शिक्षिकेकडून ही वर्कशीट मिळाली. पाठपोट एकच पान. वरच्या निम्म्या भागात एका काल्पनिक गावाचा आणि आसपासच्या शिवाराचा नकाशा, बाकीच्या जागेत वीस प्रश्न. पहिले पाच दिशांवर, पुढचे पाच प्रमाणावर, मग चार सूचीवर आणि शेवटचे सहा ग्रिड संदर्भावर. सहावीच्या एका आणि सातवीच्या दोन तुकड्यांना मी ती आतापर्यंत सोडवायला दिली आहे. प्रश्न चांगले आहेत. पण पहिल्याच आठवड्यात तिने मला तोंडघशी पाडलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

नकाशाचं प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरचा १ सेंमी जमिनीवर अर्धा किलोमीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे याच प्रमाणात मिळतात, त्यामुळे निवड योग्य. सातवा प्रश्न असा: शाळेपासून तलावापर्यंतचं सरळ अंतर किती? मूळ पानावर पट्टी लावली की बरोबर ६ सेंमी भरतात. उत्तर ३ किमी.

आमच्याकडे कागद वाचवायचा म्हणून एका ए-फोरवर दोन पानं शेजारी शेजारी छापून आणली. तपासायला बसले तर अख्ख्या वर्गाचं उत्तर २.१ किमी. आधी वाटलं, कॉपी केली असणार. मग स्वतः पट्टी लावली, तर ४.२ सेंमी! दोन पानं एकावर घेतली की चित्र सुमारे ७१ टक्क्यांवर येतं. नकाशा आक्रसला, पण खाली छापलेलं १:५०,००० तसंच राहिलं. त्या झेरॉक्सचं खरं प्रमाण जवळपास १:७०,००० झालं होतं. मुलांनी गणित चोख केलं होतं, खोटं कागद बोलत होता.

तीन मुलींचं उत्तर मात्र ३ किमी होतं. दोघींनी नकाशाखालच्या रेषाप्रमाणावर कागदाची पट्टी धरून खुणा केल्या होत्या. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच आक्रसतं, त्यामुळे ते कुठल्याही झेरॉक्सवर खरं राहतं. अंकप्रमाण आणि शब्दप्रमाण मूळ आकाराच्या छपाईपुरतीच खरी. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते आणि मुलं पाठ करतात, पण ते का, हे त्या दिवशी दिसलं. तिसरीने तर काही मोजलंच नव्हतं. ती म्हणाली, "बाई, एक चौकोन म्हणजे एक किलोमीटर ना? मधे तीन चौकोन आहेत." ग्रिडच्या रेषा मुळात २ सेंमी अंतरावर आहेत, म्हणजे प्रत्येक चौकोन १ किमीचा. प्रमाणाच्या प्रश्नाला तिने ग्रिडने उत्तर दिलं. वर्कशीट करणारीच्या मनात हे असेल की नाही कुणास ठाऊक.

तेव्हापासून दोन गोष्टी करते. छापताना `Fit` न ठेवता `Actual size` निवडते, कारण नुसतं `Fit` ठेवलं तरी दोन-चार टक्के कमी होतात आणि ६ चे ५.८ भरतात. आणि समासात बरोबर १० सेंमीची एक रेघ ओढून मगच झेरॉक्सला देते. हातात पडलेल्या कागदावर ती रेघ दहाच भरली तर अंकप्रमाणाने सोडवा, नाहीतर रेषाप्रमाणाने. पहिलं काम मुलांचं तेच.

आठव्या प्रश्नात घाटाच्या वळणावळणाच्या रस्त्याची लांबी दोऱ्याने मोजायची आहे. काहींनी लोकर आणली. वळणांवर ती सैल ठेवली आणि रेषाप्रमाणावर ताणून धरली, त्यामुळे रस्ता चांगलाच लांबला. शिवणाचा दोरा सांगावा. दहाव्या प्रश्नात १:१०,००० आणि १:१,००,००० यांतलं बृहद् प्रमाण कोणतं, तर बहुतेकांना लाखच मोठा वाटतो. भाकरीचा चतकोर मोठा की आठवा हिस्सा, एवढं विचारलं की वाद मिटतो.

दिशांच्या प्रश्नांत तिसऱ्याची भाषा बदलावी लागली. मूळ वाक्य होतं, "शाळेच्या संदर्भात मंदिर कोणत्या दिशेला आहे?" उत्तर ईशान्य. बऱ्याच जणांनी नैऋत्य लिहिलं. चूक नेमकी उलट दिशेची असेल तर मुलाला दिशा येतात, फक्त त्याने बोट मंदिरावर ठेवलेलं असतं. ईशान्येऐवजी आग्नेय किंवा वायव्य लिहिणाऱ्याची अडचण वेगळी, त्याची उपदिशांची नावंच पक्की नाहीत. आता मी लिहिते, "शाळेच्या दारातून निघालात, तर मंदिर कोणत्या दिशेला?" त्यानंतर पहिल्या प्रकारची चूक फार थोड्यांकडून होते. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना मैदानात उभं करण्यावाचून इलाज नाही. पाचव्या प्रश्नात उत्तरेचा बाण मुद्दाम तिरका दिलाय, तो मला सगळ्यात आवडला. वर म्हणजे उत्तर असं धरून बसलेली मुलं तिथे बरोबर सापडतात.

सूचीचे प्रश्न रंगीत छपाई धरून केलेले आहेत, आणि ती आम्हाला परवडत नाही. बारमाही नदी निळी, कोरडा ओढा काळा, ही स्थलनिर्देशक नकाशाची रीत तिने पाळली आहे. झेरॉक्सवर दोन्ही काळेच. मी आधी फळ्यावर सांगून नदी निळी रंगवून घेते. म्हणजे उत्तर निम्मं मीच देते, हे मान्य आहे.

ग्रिडच्या भागात मात्र खरा दोष आहे, आणि तो मला दिवाळीनंतर लक्षात आला. उभ्या रेषांना ३२ ते ३८ आणि आडव्या रेषांना १५ ते २० असे आकडे दिलेत. ३४१८ या चौकोनात काय आहे, असं विचारलं की मुलं ३४ कुठे दिसतो ते शोधतात, १८ कुठे ते शोधतात, आणि विहीर सापडते. कोणता आकडा आधी वाचायचा याचा विचारच करावा लागत नाही, कारण १८३४ नावाचा चौकोन नकाशावर नाहीच. सगळ्यांना पैकीच्या पैकी आणि मीही खूश. मग एकदा आडव्या रेषांवर व्हाइटनर लावून तिथेही ३२ पासून आकडे घातले. आता ३४३५ मध्ये विहीर आणि ३५३४ मध्ये स्मशानभूमी. अर्ध्याहून जास्त वर्ग पाणी भरायला स्मशानात गेला!

तेव्हा कुठे उभ्या रेषेचा आकडा आधी, आडव्या रेषेचा नंतर, हे शिकवायला घेतलं. आमच्या मुलांना "आधी विंग, मग मजला" हे चटकन कळलं. दुसरी चूक कोपऱ्याची. चौकोनाचं नाव त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून जाणाऱ्या रेषांवरून ठरतं. मुलं जवळची रेषा धरतात, त्यामुळे वरच्या किंवा उजव्या अंगाला असलेली वस्तू शेजारच्या चौकोनात जाते. उत्तर एका आकड्याने जास्त आलं की समजावं हेच झालंय. विसावा प्रश्न सहा आकडी संदर्भाचा. त्यासाठी २ सेंमीच्या चौकोनाचे दहा भाग नजरेने पाडावे लागतात, म्हणजे २ मिमीचा एक. सहावीला मी तो सोडून देते.

बदललेल्या आकड्यांची प्रत मूळ शिक्षिकेला पाठवली. तिचं उत्तर आलं, "स्मशानभूमी राहू दे, पण उत्तरसूचीतला सतरावा बदलायला विसरलीस." विसरले होते.