प्रायव्हेटची पब्लिक कंपनी कधी झाली? आरओसीची कागदपत्रं पाहावीत की प्रॉस्पेक्टस?

घरात जुनी शेअर सर्टिफिकिटं असतील, नाशिकच्या अंबड-सातपूरच्या एखाद्या कंपनीला उधारीवर माल जात असेल किंवा कोणी ‘आयपीओच्या आधीचे शेअर’ घ्या म्हणून मागे लागलं असेल, तर एक प्रश्न कधी ना कधी पडतो. ही कंपनी प्रायव्हेट होती, ती पब्लिक कधी झाली आणि तेव्हा नेमकं काय बदललं? उत्तर शोधायच्या वाटा मुख्यतः दोन. एक म्हणजे कंपनी बाजारात आली असेल तर शेअर विकताना तिने काढलेलं माहितीपत्रक, म्हणजे प्रॉस्पेक्टस. दुसरी म्हणजे कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे, दाखल झालेली कागदपत्रं. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. दोन्ही कामाच्या आहेत, पण सारख्या कामाच्या नाहीत.

त्याआधी फुकट मिळणाऱ्या माहितीबद्दल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मास्टर डेटा उघडला की सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, दिसतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. इन्फोसिसचा सीआयएन घ्या:

```
L85110KA1981PLC013115
```

यात PLC म्हणजे पब्लिक. सुरुवातीचा L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. नोंद नसती तर तिथे U असता. U आणि PLC एकत्र दिसले तर कंपनी पब्लिक आहे, पण बाजारात नाही. पब्लिक होणं आणि लिस्टेड होणं या वेगळ्या घटना आहेत, हे या दोन खुणांतून कळतं. पण 1981 हे साल पब्लिक झाल्याचं नाही, ते मूळ नोंदणीचं. इन्फोसिस जुलै 1981 मध्ये पुण्यात ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणून नोंदली गेली. एप्रिल 1992 मध्ये नाव बदलून ‘इन्फोसिस टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड’ झालं, जून 1992 मध्ये ती पब्लिक झाली, फेब्रुवारी 1993 मध्ये आयपीओ आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये लिस्टिंग झालं. सीआयएनमध्ये यातलं एकही 1992 किंवा 1993 नाही, आणि महाराष्ट्रात जन्मलेल्या कंपनीच्या क्रमांकात कर्नाटकाचा KA आहे. सीआयएन आजची स्थिती सांगतो, बदलाची तारीख सांगत नाही. मास्टर डेटातली नोंदणीची तारीखही मूळ नोंदणीचीच असते.

आता प्रॉस्पेक्टस. त्यातलं कंपनीच्या इतिहासाचं प्रकरण काढलं की पहिल्याच परिच्छेदात सगळं ओळीने मिळतं: कंपनी कोणत्या नावाने नोंदली गेली, पब्लिक होण्याचा विशेष ठराव कोणत्या सभेत झाला, नवीन दाखला आरओसीने कधी दिला. आपल्याकडची वाइन बनवणारी सुला घ्या. डिसेंबर 2022 मध्ये ती बाजारात आली, त्यामुळे ‘नाशिक व्हिंटनर्स प्रायव्हेट लिमिटेड’ या जुन्या नावापासूनचा प्रवास एका जागी वाचता येतो. भांडवलाचं प्रकरण तर मला आरओसीच्या फायलींपेक्षाही सोयीचं वाटतं. पहिल्या दिवसापासून कोणाला किती शेअर कोणत्या भावाने दिले, बोनस कधी दिला, शेअरचे तुकडे कधी केले, हे सगळं तिथे तक्त्यात असतं. इश्यूचे पैसे कोणाकडे जाणार, हेही स्पष्ट लिहिलेलं असतं. सुलाचा इश्यू पूर्णपणे ‘ऑफर फॉर सेल’ होता, म्हणजे पैसे शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांना मिळाले, कंपनीच्या तिजोरीत आले नाहीत. पब्लिक झाली म्हणजे कंपनीकडे पैसा आला, असं धरून चालणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

तारीख हवी असेल तर प्रॉस्पेक्टस पुरतं. माझं त्याच्याशी जमलं नाही ते दुसऱ्या कारणाने.

माझ्या मामांकडे सातपूरच्या एका कंपनीचे शेअर होते. कंपनी पुढे बाजारात आली, म्हणून प्रॉस्पेक्टसही उपलब्ध होतं. मामांनी त्याआधी एप्रिलमध्ये काही शेअर पुतण्याच्या नावे करायला SH-4 हा हस्तांतरणाचा फॉर्म दिला होता आणि संचालक मंडळाने तो आर्टिकल्सचा, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीचा, हवाला देऊन नाकारला होता. प्रॉस्पेक्टसप्रमाणे पब्लिक होण्याचा ठराव मार्चअखेरचा आणि दाखला मे महिन्यातला. अर्ज बरोबर या दोहोंच्या मध्ये. आता आर्टिकल्समधलं हस्तांतरणाचं कलम एप्रिलमध्ये जिवंत होतं की नाही, हा प्रश्न. प्रॉस्पेक्टसच्या शेवटी आर्टिकल्स छापलेली होती, पण नवीन. जुनी आर्टिकल्स प्रॉस्पेक्टसमध्ये नसतात. काय आलं ते दिसतं, काय गेलं ते दिसत नाही. आणि प्रायव्हेटची पब्लिक होताना खरी गोष्ट असते ती काय गेलं हीच. शेअर हस्तांतरणावर बंधन, सभासदांवर 200 ची मर्यादा आणि लोकांकडून भांडवल मागायला मनाई, या तीन अटी आर्टिकल्समध्ये असतात म्हणून कंपनी प्रायव्हेट असते. त्या काढल्या की ती प्रायव्हेट राहत नाही.

म्हणून मी दुसऱ्या वाटेने गेलो. मंत्रालयाच्या पोर्टलवर `View Public Documents` मध्ये कंपनी शोधायची, 100 रुपये भरायचे आणि ठरावीक मुदतीत हवे ते कागद उतरवून घ्यायचे. इथला त्रास खरा आहे, लपवत नाही. कागद प्रकारांच्या कप्प्यांत विभागलेले असतात आणि हवा तो नेहमी अपेक्षित कप्प्यात असेलच असं नाही. स्कॅन आडवे, पुसट. मुदत चालू असल्याने आधी सगळं उतरवून घ्यावं आणि वाचत नंतर बसावं. 2006 मध्ये हे कामकाज ऑनलाइन झालं, त्याआधीच्या फायली स्कॅन झालेल्या असल्या तरी त्यात खाडे सापडतात.

पण एकदा कागद हातात आले की चार गोष्टी समोर ठेवायच्या. नोंदणीच्या वेळची आर्टिकल्स. MGT-14, म्हणजे विशेष ठराव दाखल करण्याचा फॉर्म, जो ठरावानंतर 30 दिवसांत भरायचा असतो आणि ज्याला सभेच्या नोटिशीतलं स्पष्टीकरण आणि बदललेली आर्टिकल्स जोडलेली असतात. INC-27, म्हणजे रूपांतराचा अर्ज. आणि शेवटी आरओसीचा नवीन दाखला. जुन्या आर्टिकल्सच्या प्रतीवर पेन्सिल घेऊन बसलं की तासाभरात फरक निघतो. मामांच्या कंपनीत जुन्या आर्टिकल्समध्ये दोन कलमं होती: शेअर विकायचे असतील तर आधी बाकीच्या भागधारकांना देऊ करायचे, आणि मंडळ कारण न देता हस्तांतरण नाकारू शकेल. मार्चच्या ठरावाला जोडलेल्या आर्टिकल्समध्ये दोन्ही नव्हती.

तारखेचा गुंताही इथेच सुटला. कंपनी कायदा 2013 चं कलम 18 सांगतं की आरओसी जुनी नोंदणी बंद करून नवीन दाखला देतो. नाव आणि सीआयएन त्या दाखल्याने बदलतात, म्हणून व्यवहारात सगळे दाखल्याचीच तारीख धरतात. पण कलम 14 मध्ये असंही म्हटलं आहे की प्रायव्हेट कंपनीने त्या अटी आर्टिकल्समधून काढल्या की बदलाच्या तारखेपासून ती प्रायव्हेट राहत नाही. म्हणजे हस्तांतरणाच्या वादात ठरावाची तारीख महत्त्वाची ठरू शकते. यावर वकील वेगवेगळं बोलू शकतील, मी माझ्यापुरतं सांगतो. मामांच्या सीएने दोन्ही आर्टिकल्स आणि ठराव जोडून पत्र दिलं आणि पुढच्या बैठकीत मंडळाने हस्तांतरण नोंदवून घेतलं. ही ऑक्टोबर 2018 च्या आधीची गोष्ट, म्हणून कागदी सर्टिफिकिटावर काम झालं. 2 ऑक्टोबर 2018 पासून लिस्टेड नसलेल्या पब्लिक कंपनीचे शेअरही डीमॅट केल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. तेव्हा आज कोणाच्या कपाटात अशी सर्टिफिकिटं असतील तर ‘आता पब्लिक झाली, कोणालाही विकू’ म्हणण्याआधी कंपनीने डीमॅटसाठी लागणारा आयएसआयएन क्रमांक घेतला आहे का, ते विचारावं.

माल पुरवणाऱ्यांसाठी बदल याहून कमी आहे. कलम 18 प्रमाणेच जुनी देणी, करार, जबाबदाऱ्या तशाच राहतात. जुन्या नावाच्या बिलाची बाकी नव्या नावाकडूनच वसूल होते. एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. पब्लिक कंपनीच्या मंडळाला भरणा झालेलं भांडवल, मुक्त राखीव निधी आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांच्या बेरजेपलीकडे कर्ज काढायचं तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. प्रायव्हेट कंपन्यांना यातून जून 2015 पासून सूट आहे. त्यामुळे रूपांतराच्या आसपास MGT-14 मध्ये कर्जमर्यादेचा ठराव दिसला तर त्यातला आकडा वाचावा. कंपनी किती उधारीवर चालायचा विचार करते आहे, याचा अंदाज येतो. प्रॉस्पेक्टसमध्येही हा आकडा मिळतो, पण त्यामागचं स्पष्टीकरण नोटिशीत जास्त मोकळेपणाने असतं, असा माझा अनुभव.

जुन्या कंपन्यांच्या बाबतीत तर मला दुसरी वाट जवळजवळ अपरिहार्य वाटते. 1956 च्या कायद्यात कलम 43A होतं. प्रायव्हेट कंपनीची उलाढाल ठरावीक रकमेपुढे गेली किंवा तिचं 25 टक्के भांडवल दुसऱ्या कंपन्यांकडे असलं, तर ती कायद्यानेच पब्लिक मानली जाई. ठराव नाही, सभा नाही. आरओसी नावातला ‘प्रायव्हेट’ काढून टाकत असे, पण आर्टिकल्समधली बंधनं कंपनी तशीच ठेवू शकत होती. 13 डिसेंबर 2000 नंतर हे कलम लागू होणं थांबलं आणि अशा अनेक कंपन्या परत प्रायव्हेट झाल्या. म्हणून आजोबांच्या सर्टिफिकिटावर ‘लिमिटेड’ आणि आजच्या पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असं उलटं दिसलं तर घाबरू नका. ओळखायची खूण अशी: स्वतःहून पब्लिक झालेल्या कंपनीच्या फायलीत ठरावाचा फॉर्म 23 आणि प्रॉस्पेक्टस किंवा त्याऐवजीचं निवेदन असायला हवं. दोन्ही नाहीत, आर्टिकल्स जुनीच आणि दाखल्यावर ‘प्रायव्हेट’वर काट मारलेली, तर प्रकरण बहुधा 43A चं. अशा कंपन्यांपैकी ज्या कधी बाजारात आल्याच नाहीत, त्यांचं प्रॉस्पेक्टस शोधत बसून काही हाती लागणार नाही.

तेव्हा कंपनी लिस्टेड असेल आणि तारीख किंवा भांडवलाचा इतिहास एवढाच हवा असेल, तर प्रॉस्पेक्टस उघडा, ते फुकट आहे आणि वाचायला सोपं आहे. शेअर घरात असतील, हस्तांतरणाचा किंवा वारशाचा प्रश्न असेल, तर मी 100 रुपये भरेन आणि सगळ्यात आधी नोंदणीच्या वेळची आर्टिकल्स उतरवून घेईन. ती फायलीत नसतील, तर कंपनीकडे लेखी मागावीत. सभासदाला आर्टिकल्सची प्रत मागण्याचा हक्क आहे. मात्र कंपनी सध्याची प्रत देईल, म्हणून अर्जात ‘रूपांतरापूर्वीची’ असं स्पष्ट लिहावं.